किल्ली हातात पडण्याआधी

पुण्याहून रात्री सुटलेली स्लीपर बस सकाळी सहा-सातच्या सुमारास म्हापशाला पोहोचते. मुंबईहून रात्री निघणारी कोकणकन्याही सकाळीच गोव्यात शिरते. आणि गोव्यात पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या बहुतेक फर्निश्ड फ्लॅटचं चेक-इन असतं दुपारी दोनला किंवा तीनला. दोन रात्रींसाठी आलेली मित्रमंडळी मधले सात-आठ तास समुद्रावर कसेही काढतात. महिनाभर राहायला आलेल्या माणसाकडे मोठ्या बॅगा असतात, लॅपटॉप असतो, बरेचदा सोबत आईवडील असतात आणि दहा वाजता ऑफिसची मीटिंग असते. त्याला हे सात तास काढणं जड जातं.

गेल्या काही वर्षांत असं महिनाभर राहणारे पुष्कळ झाले आहेत. कुणाला घरून काम करायची मुभा असते, कुणी निवृत्त होऊन हिवाळ्यात गोवा गाठतो, कुणाच्या घराचं काम निघालेलं असतं. हे राहणं हॉटेल आणि भाड्याचं घर यांच्या मधलं असतं. हॉटेलात सगळं ठरलेलं असतं. अकरा महिन्यांच्या भाड्याला लिखित करार असतो. इथे बहुतेक गोष्टी ठरतात त्या यजमान आणि पाहुण्यामधल्या आठ-दहा निरोपांत, म्हणून ते निरोप कसे लिहावेत याकडे नीट पाहायला हवं.

एक उदाहरण घेऊ. पुण्यातली तिशीतली मुलगी, सोबत आई. ५ एप्रिल ते ५ मे असं पर्वरीत राहायचं आहे. एका निवासी संकुलात दुसऱ्या मजल्यावरचा वन-बीएचके फ्लॅट तिला आवडला आहे. मालकीण पणजीत राहणाऱ्या निवृत्त बाई. रात्रीचा दर २,००० रुपये, महिन्याच्या मुक्कामाला ४० टक्के सूट, म्हणजे तीस रात्रींचे ३६,००० रुपये. साफसफाईचे वेगळे १,५००. मुलगी पहिला निरोप धाडते:

"नमस्कार मॅडम, तुमचा फ्लॅट एप्रिलमध्ये महिनाभर हवा आहे. अर्ली चेक-इन मिळेल का? घराचे काही नियम आहेत का? आणि क्लीनिंग फी थोडी कमी होईल का?"

उत्तर येतं: "नमस्कार. हो, या ना. चेक-इन दोनचं आहे, पण बघू, अ‍ॅडजस्ट करू. नियम साधेच आहेत, तुम्ही फॅमिली आहात त्यामुळे काही प्रश्न नाही. फी सगळ्यांना तेवढीच आहे."

दोघीही मनापासून बोलताहेत. पण या उत्तरात टेकू घ्यावा असं एकही वाक्य नाही. "बघू" म्हणजे सकाळी सातला दार उघडेल की नाही, हे बसमधून उतरेपर्यंत कळणार नाही. "साधेच नियम" म्हणजे कुणाच्या मते साधे? यात मालकिणीचा दोष मी फारसा मानत नाही. मोघम प्रश्नाला मोघमच उत्तर येतं.

आधी वेळेचं पाहू. दुपारी दोनची वेळ मालकिणीनं हौसेनं ठेवलेली नसते. आधीचे पाहुणे अकराला घर सोडतात. मग कामवाली बाई येते, चादरी-टॉवेल काढते, बाथरूम घासते, फ्रिज रिकामा करून पुसते, भांडी मोजते. वन-बीएचकेला दोन-अडीच तास सहज जातात, आणि त्याच बाईकडे त्या दिवशी आणखी एखादा फ्लॅट असू शकतो. म्हणून ज्या दिवशी सकाळी कुणी घर सोडणार आहे, त्या दिवशी मालकिणीनं कितीही मनावर घेतलं तरी सातला दार उघडणं शक्य नसतं. मात्र आदल्या रात्री फ्लॅट रिकामा असेल तर सफाई आधीच उरकलेली असते, आणि सातला किल्ली द्यायला काहीच अडचण नसते. सगळं उत्तर या एका गोष्टीवर अवलंबून असल्यामुळे विचारायचं तेच: "आमची बस ५ तारखेला सकाळी सातच्या सुमारास म्हापशाला येते. ४ तारखेच्या रात्री फ्लॅटमध्ये कुणी आहे का?"

याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असंच येतं. कुणी नसेल तर पुढचा प्रश्न: "मग आम्ही साडेसातला आलो तर चालेल का, आणि त्याचे वेगळे पैसे पडतील का?" ४ तारीख अजून मोकळी असली तरी ऐन वेळी कुणी ती घेऊ शकतो, आणि महिनाभर आधी कुठलीही मालकीण ती रात्र फुकट अडवून ठेवणार नाही. तिची बाजूही रास्त आहे. तेव्हा म्हातारं माणूस सोबत असेल तर त्या रात्रीचे अर्धे पैसे देऊन ती आपल्या नावावर करून घेणं मला पटतं. सूट धरून एका रात्रीचा दर १,२०० पडतो. सहाशे-सातशे रुपयांत आईला सकाळी सातला पलंग मिळतो. मालकीण याला कबूल झाली तर ती रात्र बुकिंगमध्येच जोडून घ्यायची.

फ्लॅटमध्ये कुणी असेल तर प्रश्न बदलतो: सामान कुठे ठेवायचं? "वॉचमनकडे ठेवा" हे उत्तर पटकन येतं, पण कित्येक सोसायट्यांत सुरक्षारक्षकांना पाहुण्यांचं सामान सांभाळायला मनाई असते. मालकिणीनं सोसायटीत आधी विचारलं आहे का, एवढं पक्कं करावं. नाहीतर सरळ दिवसाची बस घ्यावी. दुपारी पोहोचणारी गाडी शोधणं कित्येकदा अर्ली चेक-इन मागण्यापेक्षा सोपं पडतं. पावसाळ्यात जाणार असाल तर कोकण रेल्वेचं वेगळं वेळापत्रक असतं आणि गाड्या सावकाश धावतात, तेवढं ध्यानात ठेवायचं.

येण्याच्या वेळेबरोबरच जाण्याचीही वेळ त्याच निरोपात विचारावी. ५ मेला सकाळी अकराला घर सोडायचं आणि पुण्याची बस रात्री आठ-नऊची, हा पेच महिनाभरानंतर हमखास उभा राहतो, आणि तेव्हा एप्रिलमधल्या बॅगांत मेमधल्या काजूंची भर पडलेली असते. शिवाय 'महिना' म्हणजे नेमक्या किती रात्री, हे तारखांनीच लिहावं. ५ एप्रिल ते ५ मे म्हणजे तीस रात्री. एअरबीएनबीसारख्या ठिकाणी २८ रात्रींपासूनचा मुक्काम महिन्याचा धरला जातो, आणि महिन्याची सूटही तिथूनच लागू होते.

आता नियम. संकेतस्थळावर लिहिलेले नियम बहुतेक शनिवार-रविवारच्या पर्यटकाला डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात: पार्टी नको, धूम्रपान नको, रात्री दहानंतर गाणी नकोत. आईबरोबर राहणाऱ्या मुलीला यातलं काहीच अडत नाही, म्हणून ती नियमांवरून नजर फिरवून पुढे जाते. तिला अडणारे नियम त्या यादीत नसतातच, कारण दोन रात्रींत ते प्रश्न येत नाहीत. तिसऱ्या आठवड्यात भाऊ-वहिनी चार दिवस राहायला आले तर? रोज स्वयंपाक करायचा तर गॅस आहे की नुसती इंडक्शनची शेगडी? बाजारातून ताजे बांगडे आणले तर घरात तळता येतील का? काही मालकांना आणि काही सोसायट्यांना घरात मासे-मटण चालत नाही, आणि गोव्यात महिनाभर राहून ते कळावं याचं दुःख मोठं असतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. संकुलातल्या फ्लॅटला नियम घालणारे दोन असतात. घराच्या आतले नियम मालकिणीचे, घराबाहेरचे सोसायटीचे. बाल्कनीच्या कठड्यावर कपडे वाळत घालायचे की नाहीत, गाडी कुठे लावायची, लिफ्टनं सामान कधी न्यायचं, ओला-सुका कचरा किती वाजता दारात ठेवायचा, हे सगळं सोसायटी ठरवते. मालकीण पणजीत राहते. तिला यातलं अर्धंच ठाऊक असण्याची शक्यता आहे. "चालेल हो" असं ती म्हणाली तरी सोसायटीच्या सचिवांना ते चालेलच असं नाही. म्हणून "नियम काय आहेत?" असं विचारण्याऐवजी "सोसायटीची नियमावली किंवा सूचनाफलकाचा फोटो पाठवाल का?" असं विचारावं. फोटो आला की कळतं. तो येत नसेल आणि "त्याची गरज नाही" असं उत्तर मिळत असेल, तर सोसायटीला हा फ्लॅट पर्यटकांना दिला जातो हेच पसंत नसेल, अशी शंका घ्यायला जागा आहे. तसं असलं की फाटकावर रोज नवी चौकशी सुरू होते: कोण तुम्ही, कुणाकडे आलात, किती दिवस. ते महिनाभर सोसणं फार अवघड असतं.

याच ओघात कागदपत्रांचं विचारून घ्यावं. गोव्यात पर्यटकांना राहायला घर देणाऱ्यानं पर्यटन खात्याकडे नोंदणी करायची असते. तिचा पाया १९८२च्या कायद्यात आहे. "तुमची पर्यटन खात्याची नोंदणी आहे ना?" हा प्रश्न उद्धट नाही. ज्यांची असते ते आनंदानं नंबर सांगतात. आपल्याकडूनही ओळखपत्र मागितलं जाईल, आणि ते द्यायलाच हवं. आधारची प्रत द्यायची तर 'मास्क्ड आधार' द्यावं. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून ते उतरवून घेता येतं आणि त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. भाऊ-वहिनी अमेरिकेहून येणार असतील आणि त्यांच्याकडे परदेशी पासपोर्ट असतील, तर ते येण्याआधीच मालकिणीला सांगावं. परदेशी पाहुणा राहायला आला की चोवीस तासांत सरकारला कळवणं यजमानावर बंधनकारक असतं. "चारच दिवस तर आहेत" म्हणून हे लपवलं तर अडचणीत ती बाई येते.

आणखी एक नियम उलट्या बाजूचा आहे, आणि तो विचारायचं फार कुणाला सुचत नाही. घरात मालकीण किंवा तिची माणसं कधी येणार? महिनाभरात एसीची सर्व्हिसिंग निघू शकते, नळ गळू शकतो, पुढच्या पाहुण्याला घर दाखवायचं असू शकतं. दोन रात्रींत कुणी येत नाही. तीस रात्रींत नक्की येतं. "यायचं असेल तर आदल्या दिवशी कळवाल ना? सकाळी दहा ते एक माझ्या मीटिंग असतात," एवढं लिहिलं की पुरे. दुसरी किल्ली कुणाकडे असते, हेही याच जागी विचारावं.

राहिली क्लीनिंग फी. पाहुण्यांच्या मनात सर्वांत जास्त खुपणारी ही रक्कम, आणि महिन्याच्या मुक्कामात घासाघीस करायला सर्वांत निरुपयोगी. ही फी मुक्कामाला एकदाच लागते, रात्रीगणिक नाही. दोन रात्रींच्या पाहुण्याला १,५०० म्हणजे रात्रीमागे ७५० रुपये, हे खरंच जड आहे. तीस रात्रींना तेच रात्रीमागे ५० होतात. मालकिणीनं फार मन मोठं करून पाचशे कमी केले तरी ३६,०००च्या हिशेबात ते जाणवणार नाहीत. उलट महिनाभर वापरलेलं स्वयंपाकघर, साबणाचे थर बसलेल्या फरश्या आणि तेलकट झालेली चिमणी साफ करायला दोन रात्रींनंतरच्या सफाईपेक्षा दुप्पट वेळ जातो, हे ती बाई जाणून असते.

विचारायचं ते हे, की या पैशांत कुठली सफाई येते. बहुतेक ठिकाणी ही फी आपण गेल्यानंतरच्या सफाईची असते. मधल्या तीस दिवसांत झाडू-पोछा कोण करणार, याचा तिच्याशी काही संबंध नसतो. पाहुणा मात्र समजतो की पैसे दिलेत तर आठवड्याला कुणीतरी येईल. दुसऱ्या आठवड्यात तो विचारतो "बाई कधी येणार?", आणि मालकीण म्हणते "ते वेगळं". इथून कुरबूर सुरू होते. आपल्या उदाहरणातली मालकीण सांगते की तिची बाई आठवड्यातून एकदा येऊ शकेल, फेरीचे ४०० रुपये. चार फेऱ्यांचे १,६०० झाले, म्हणजे मूळ फीपेक्षा जास्त. चादरींचे दोन जोड मिळतील, वॉशिंग मशीन आहे, धुणं आपलं आपण. हे सगळं ठीकच आहे, फक्त आधी कळायला हवं.

आणि फीच्या मागे दडलेली खरी मोठी रक्कम विजेची. छोट्या मुक्कामात वीज भाड्यातच असते. महिन्याच्या मुक्कामात पुष्कळ मालक मीटरप्रमाणे वेगळी घेतात, कारण एप्रिलमधल्या उकाड्यात एसी किती चालेल याचा त्यांना भरवसा नसतो. दीड टनाचा एसी रात्री आठ-नऊ तास चालला तर साधारण नऊ युनिटं जळतात. महिन्याला झाली २७०. फ्रिज, गिझर, पंखे, मशीन मिळून आणखी शंभर धरा. एकूण ३७०. मालकीण युनिटला ९ रुपये घेणार असेल तर ३,३३० रुपये. ज्या १,५००साठी मुलगी घासाघीस करायला निघाली होती, त्याच्या दुपटीहून अधिक! घासाघीस करायचीच तर इथे करावी: "महिन्याला २०० युनिटं भाड्यात धरा, त्यावरची मी देते." मग तिला १७० युनिटांचे १,५३० रुपये पडतात, आणि दिवसा एसी चालू ठेवून बाहेर जाणारा पाहुणा मिळेल ही मालकिणीची भीतीही जाते. आलेल्या दिवशी मीटरच्या आकड्याचा फोटो काढून तो मालकिणीला त्याच क्षणी पाठवायचा. संकुलात मीटर खाली एका खोलीत रांगेनं लावलेले असतात, त्यामुळे आपला मीटर कुठला हे तिच्याकडूनच विचारून घ्यावं. शेजारच्या फ्लॅटच्या मीटरचा फोटो काढून ठेवणारेही भेटतात.

गॅसचंही तसंच. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा असतो. भरलेला असेल तर दोघींना महिना आरामात जातो, पण आधीच्या पाहुण्यांनी निम्मा संपवलेला असला तर विसाव्या दिवशी शेगडी विझते. सिलिंडरची नोंदणी मालकिणीच्या नावावर असल्यामुळे नवा मागवणंही तिच्याच हातात. दुसरा सिलिंडर घरात आहे का, एवढं विचारलं की काम भागतं.

अनामत रक्कम आणि साफसफाईची फी यांची गल्लत होऊ देऊ नये. फी परत येत नाही. अनामत, काही मोडतोड झाली नसेल तर, पूर्ण परत यायला हवी. मालकीण ५,००० रुपये अनामत मागत असेल तर ती किती दिवसांत परत देणार आणि कशाकशासाठी कापणार, हे विचारावं. "जास्त घाण असेल तर कापू" असं उत्तर आलं तर थांबावं. जास्त घाण म्हणजे काय? गोव्याच्या दमट हवेत कपाटाच्या आत बुरशी धरते, बाथरूमचे कोपरे काळे पडतात. तो महिनाभराच्या राहण्याचा भाग आहे की पाहुण्याचा हलगर्जीपणा? पहिल्या दिवशी कपाटं, गादी, भांडी, बाथरूमचे कोपरे यांचे फोटो काढून ठेवले तर या प्रश्नाचं उत्तर शोधावं लागत नाही.

मुलीचा दुसरा निरोप आता असा होतो:

"मॅडम, नक्की करण्याआधी थोडं विचारते. ४ तारखेला रात्री फ्लॅट रिकामा आहे का? आम्ही ५ला सकाळी साडेसातला पोहोचू, सोबत आई आहे. ५ मेला आमची बस रात्रीची आहे, तर संध्याकाळपर्यंत सामान ठेवता येईल का? २० तारखेच्या सुमारास भाऊ-वहिनी चार दिवस येतील, त्यांचे वेगळे पैसे किती? घरात मासे केले तर चालेल ना? सोसायटीच्या नियमांचा फोटो पाठवाल का? १,५०० ही आम्ही गेल्यानंतरच्या सफाईची फी आहे ना, आणि मधे बाई हवी असेल तर कसं? वीज भाड्यात आहे की मीटरप्रमाणे?"

निरोप लांब आहे, पण यातल्या प्रत्येक प्रश्नाला एका ओळीत उत्तर देता येतं, आणि चांगली मालकीण ते देते. "४ला कुणी नाही, ती रात्र ६०० ला तुमच्या नावावर टाकते. मासे बिनधास्त करा, फक्त काट्याकुट्यांची पिशवी त्याच दिवशी खाली द्या. भावाच्या दोन गाद्या देईन, पैसे नकोत. सामान शेजारच्या फ्लॅटमध्ये ठेवा, मी सांगून ठेवते." अशी उत्तरं आली की घर घ्यावं. निम्म्या प्रश्नांना बगल देऊन "तुम्ही या तर खरं" असं आलं, तर दर कितीही चांगला असो, मी दुसरं घर बघेन.

हे बोलणं जिथे बुकिंग करणार त्या संकेतस्थळाच्याच निरोपांत व्हावं. फोनवर ठरलं असेल तर ठेवताच दोन ओळी लिहून टाकाव्यात: "आत्ता बोलल्याप्रमाणे वीज २०० युनिटांपर्यंत भाड्यात, बाईचे फेरीला ४००." पुढे वाद झाला तर संकेतस्थळाची माणसं तेच निरोप वाचतात, फोनवरचं त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

पैसे भरण्याआधी रद्द करण्याची अट मात्र स्वतः वाचावी, ती मालकिणीला विचारून भागत नाही. एअरबीएनबीवर २८ रात्री किंवा त्याहून मोठ्या मुक्कामाला छोट्या मुक्कामाच्या अटी लागू होत नाहीत. तिथल्या नेहमीच्या दीर्घ मुक्कामाच्या अटीत पूर्ण परतावा हवा असेल तर येण्याच्या किमान तीस दिवस आधी रद्द करावं लागतं. त्यानंतर रद्द केलं, किंवा मधेच घर सोडलं, तर पुढच्या तीस रात्रींचे पैसे जातात. तीसपेक्षा कमी उरल्या असतील तर उरलेल्या सगळ्यांचे. म्हणजे आईला हवा मानवली नाही आणि दहाव्या दिवशी परतावं लागलं, तर उरलेल्या वीस रात्रींचे २४,००० रुपये परत मिळण्याचा हक्क राहत नाही; मालकिणीनं आपणहून काही दिलं तरच. ज्यांना अशी शंका आहे त्यांनी आधी दहा रात्रींचं बुकिंग करावं आणि "आवडलं तर पुढच्या वीस रात्री याच दरानं द्याल का?" असं विचारावं. दर थोडा चढा पडेल. आणि मधल्या काळात पुढच्या तारखा दुसऱ्या कुणी घेतल्या, तर अकराव्या दिवशी बॅगा भराव्या लागतील.